आकड्यांचे फलक – लेखांक ९ : एप्रिलपासून मार्चपर्यंत

वर्ष कोठून सुरू होते, या प्रश्नाला आपल्या समाजात एकच उत्तर कधीही नव्हते. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पूजणाऱ्या व्यापाऱ्याचे वर्ष कार्तिकात उघडते, चैत्राच्या पाडव्याला गुढी उभारणाऱ्या गृहस्थाचे वर्ष वसंताबरोबर येते, तलाठ्याच्या दप्तरातील महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते, साखर कारखान्याचा हंगाम ऑक्टोबरपासून मोजला जातो, आणि सरकारी जमाखर्चाचे वर्ष मात्र, इ. स. १८६७ पासून आजतागायत, १ एप्रिलला उघडून ३१ मार्चला मिटते. या सर्व वर्षांची सवय असलेला आपला कारकून जेव्हा संगणकाच्या पडद्यावर आकडे मांडू लागतो तेव्हा त्याच्या हातातील साधनाला यांपैकी एकही वर्ष ठाऊक नसते. त्याला जानेवारी ते डिसेंबर एवढेच ठाऊक असते, आणि कोणी विशेष सांगितले नाही तर ते त्याच मापाने सर्व आकडे कापून ठेवते. गेल्या आठवड्याच्या लेखात आपण पावत्यांच्या यादीतून महिनावार बेरजा कशा काढाव्यात ते पाहिले. त्याच बेरजांना आज वर्षांच्या गठ्ठ्यांत बांधावयाचे आहे, आणि हे काम वरवर दिसते तितके निरुपद्रवी नाही.

पूर्वीच्या दप्तरात कीर्द आणि खतावणी यांच्यावर तेरीज असे. शेकडो नोंदींचा गोषवारा एका फर्दीवर उतरवून तो वरिष्ठांपुढे ठेवावयाचा, आणि त्यांनी मूळ वह्या न चाळता त्या एका कागदावरून परिस्थिती जाणावयाची, हा तिचा उपयोग. ज्याला आज आपण डॅशबोर्ड म्हणतो तो माझ्या मते या तेरजेचाच नवा अवतार आहे. आणि तेरीज वाचणारा मूळ नोंदी पाहत नसल्यामुळे ती कोणत्या मापाने कापली आहे याची जबाबदारी ती लिहिणाऱ्यावर जितकी पूर्वी होती तितकीच आजही आहे.

एका ग्रामपंचायतीतला प्रसंग सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आकडेही समजण्यास सोपे जावेत म्हणून मी गोळाबेरजेने दिले आहेत. कार्यालयाच्या भिंतीवर एक पडदा लावलेला होता व त्यावर घरपट्टीच्या वसुलीचे उभे पट्टे दिसत. २०२२ या पट्ट्याखाली ६५ टक्के आणि २०२३ या पट्ट्याखाली ८५ टक्के असा मजकूर होता, आणि पट्टा ठळक हिरव्या रंगात उंच गेलेला होता. एप्रिल २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात मासिक सभेपूर्वी सरपंचताई त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि हातातले वीजबिल पुढे करून ग्रामसेवकांना म्हणाल्या, "भाऊसाहेब, पंच्याऐंशी टक्के वसुली झाली म्हणता, मग पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल भरायला खात्यात पैसे का नाहीत?" ग्रामसेवकांनी पासबुक उघडले, पडद्याकडे पाहिले, पुन्हा पासबुकाकडे पाहिले. दोन्हींपैकी कोठेही एका रुपयाची लबाडी नव्हती. पडद्यावरील प्रत्येक पावती खरी होती आणि पासबुकातील शिल्लकही खरी होती.

आता त्या पावत्या आपण स्वतः वाटून पाहू. मागील बाकी बाजूस ठेवून केवळ चालू मागणीचा विचार केला तर गावाची घरपट्टीची मागणी दोन्ही वर्षी बारा लाख रुपये होती. सन २०२२-२३ मध्ये एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत ३ लाख ६० हजार वसूल झाले आणि जानेवारी ते मार्च २०२३ या अखेरच्या तीन महिन्यांत ६ लाख. एकूण ९ लाख ६० हजार, म्हणजे मागणीच्या ८० टक्के. सन २०२३-२४ मध्ये पहिल्या नऊ महिन्यांत ४ लाख २० हजार आले, परंतु जानेवारीत वसुलीचे काम पाहणारा कर्मचारी आजारी पडून रजेवर गेला, दारोदार फिरणे थांबले, आणि अखेरच्या तिमाहीत अवघे ३ लाख जमा झाले; एकूण ७ लाख २० हजार, म्हणजे ६० टक्के. गावाची वसुली ८० वरून ६० वर घसरली होती. फलक मात्र ६५ वरून ८५ वर चढल्याचे सांगत होता, कारण त्याने जानेवारी ते मार्च २०२३ चे ६ लाख आणि एप्रिल ते डिसेंबर २०२३ चे ४ लाख २० हजार यांची मोट बांधून १० लाख २० हजारांचा पट्टा उभा केला आणि त्याला बारा लाखांनी भागले. त्याआधीच्या पट्ट्यात असेच २०२२ च्या पहिल्या तीन महिन्यांचे ४ लाख २० हजार आणि पुढल्या नऊ महिन्यांचे ३ लाख ६० हजार एकत्र आले होते.

या भागाकारातील दोष नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण पुष्कळांना वाटते की वर्ष कोठूनही मोजले तरी बारा महिने ते बारा महिनेच, आणि थोडाफार फरक पडला तरी सरासरीत तो जिरून जाईल. घरपट्टीची मागणी एप्रिलपासून पुढल्या मार्चपर्यंतच्या वर्षासाठी बसवलेली असते. मार्च २०२३ मध्ये ज्या गृहस्थाने पट्टी भरली त्याने सन २०२२-२३ ची मागणी फेडली. परंतु फलकाने ती रक्कम २०२३ च्या पट्ट्यात घालून सन २०२३-२४ च्या मागणीशी तिचा भागाकार केला. वरचा आकडा एका मागणीचा आणि खालचा दुसऱ्या मागणीचा असला म्हणजे टक्केवारी हा शब्दच निरर्थक होतो. मागणी आणि वसुली ही एकाच वर्षाची जोडपी आहेत. वर्षाची हद्द चुकीच्या ठिकाणी आखली की ती जोडपी मोडतात.

त्यातही घरपट्टीसारख्या रकमांच्या बाबतीत ही हद्द नेमकी कोठे पडते हे पाहण्यासारखे आहे. वर्षभराची वसुली महिनावार मांडली तर पावसाळ्यात ती जवळजवळ सपाट असते, दिवाळीनंतर थोडी हालते आणि जानेवारीपासून 'मार्च अखेर' या दोन शब्दांच्या धाकाने ती डोंगरासारखी चढत जाते. ३१ मार्चच्या कड्यावरून १ एप्रिलला ती एकदम खाली येते. आर्थिक वर्षाची हद्द या कड्याच्या पायथ्याशी आहे, म्हणून चढण आणि शिखर दोन्ही एकाच वर्षात राहतात. ३१ डिसेंबरची हद्द चढणीच्या आरंभीच आडवी येते आणि सबंध शिखर उचलून पुढल्या पट्ट्याच्या तळाशी नेऊन ठेवते. याचा दुसरा परिणाम असा की, फलकावर 'पहिली तिमाही' सर्वांत जोमदार दिसते, वस्तुतः ती सरकारी हिशेबाची चौथी तिमाही असते, आणि खरी पहिली तिमाही, म्हणजे एप्रिल ते जून, ही वर्षातली सर्वांत मंद असते. ज्या अधिकाऱ्याने या फलकावरून वसुलीच्या शिबिरांचा महिना ठरवला त्याच्या हातून काय होईल ते सांगावयास नको.

दुरुस्तीची रीत एका कल्पनेवर उभी आहे, आणि ती कल्पना समजली की पुढचे सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही. प्रत्येक तारीख तीन महिने मागे सरकवावी. १ एप्रिल २०२३ ही तारीख १ जानेवारी २०२३ होते आणि ३१ मार्च २०२४ ही तारीख ३१ डिसेंबर २०२३ होते. म्हणजे सबंध आर्थिक वर्ष सरकून कॅलेंडरच्या एका वर्षात तंतोतंत बसते. सरकलेल्या तारखेचे साल घेतले की आर्थिक वर्षाचे आरंभीचे साल मिळते. पावतीची तारीख B2 या चौकटीत आहे असे धरले तर एक्सेलमध्ये हे असे लिहावे:

```
=YEAR(EDATE(B2,-3))
```

EDATE हे फल तारीख महिन्यांनी पुढे-मागे नेते, आणि सरकून आलेल्या महिन्यात तो दिवसच नसेल तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी थांबते. ३१ मे तीन महिने मागे गेली की २८ अथवा २९ फेब्रुवारी होते. दिवस बदलला तरी महिना फेब्रुवारीच राहिला, आणि आपणास महिना व साल एवढ्याशीच कर्तव्य असल्यामुळे यात बाध येत नाही. याच सरकलेल्या तारखेवरून तिमाहीही काढता येते आणि महिन्याचा अनुक्रमांकही. त्या अनुक्रमांकात एप्रिल पहिला आणि मार्च बारावा येतो, म्हणून आलेखातील महिने त्याच्या आधाराने लावले म्हणजे जानेवारी आपोआप डाव्या टोकाला जाऊन बसत नाही.

वर्षाचे नाव लिहिताना मात्र नुसते २०२३ असे कधीही लिहू नये. वाचणाऱ्याला ते कॅलेंडरचे साल वाटते, आणि मग सगळे कष्ट वाया जातात. आपल्या कार्यालयांत 'सन २०२३-२४' असे लिहिण्याची जी जुनी पद्धत आहे तिच्याइतकी निःसंदिग्ध दुसरी पद्धत मला आढळलेली नाही. पडद्यावर कधी `FY24` असे संक्षिप्त नाव येते. आपल्याकडील व्यापारी वृत्तांत त्याचा अर्थ मार्च २०२४ ला संपणारे वर्ष असा होतो, परंतु वर्षाला आरंभीच्या सालाचे नाव देण्याचीही पद्धत असल्यामुळे दोन फलक शेजारी लावले असता एकाच नावाखाली दोन निरनिराळी वर्षे उभी राहू शकतात. दोन्ही साले लिहिणारे सूत्र असे:

```
=YEAR(EDATE(B2,-3))&"-"&TEXT(EDATE(B2,9),"yy")
```

तीन महिने मागे गेले की आरंभीचे साल, नऊ महिने पुढे गेले की अखेरचे साल. हा नवा रकाना पावत्यांच्या मूळ यादीत भरावा आणि पिव्होट टेबलमध्ये वर्षाच्या जागी तोच घ्यावा. तारखेचा मूळ रकाना तेथे ओढला तर साधन स्वतःच 'साल, तिमाही, महिना' असे गट पाडून देते, आणि ते गट जानेवारीपासूनचे असतात. आपल्या ग्रामपंचायतीचा फलक नेमका येथेच चुकला होता.

येथे एक आडवाट आहे, आणि तिने जाणारे मी इतके पाहिले आहेत की तिच्याविषयी सविस्तर लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, असे मनाशी धरून कित्येक जण तारखेतून सरळ ९० वजा करतात. जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१ मिळून ९० दिवस होतात, म्हणून साध्या वर्षात हे गणित अचूक उतरते. एक वर्ष उतरते, दुसरे उतरते, तिसरे उतरते, आणि फलक बरोबर असल्याविषयी कोणाच्याही मनात शंका उरत नाही. मग लीप वर्ष येते. ३१ मार्च २०२४ हा त्या सालाचा ९१ वा दिवस होता, कारण फेब्रुवारीला २९ दिवस होते. त्यातून ९० गेले की १ जानेवारी २०२४ उरते, आणि ती पावती सन २०२४-२५ मध्ये जाऊन पडते. वर्षातला सर्वांत मोठ्या वसुलीचा एकच दिवस, तोच नेमका हद्दीपलीकडे! त्या वर्षी ३१ मार्च रविवारी आला होता, तरीही सरकारी रकमा स्वीकारणाऱ्या बँकांच्या शाखा रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून उघड्या होत्या, इतके त्या दिवसाचे महत्त्व. आपल्या गावात त्या दिवशी ४२ हजार रुपये जमा झाले होते असे धरले, तर नव्वद दिवसांच्या सूत्राने सन २०२३-२४ ची वसुली ६ लाख ७८ हजार म्हणजे ५६.५ टक्के दिसली असती, आणि नवे वर्ष उघडण्यापूर्वीच त्याच्या खाती ४२ हजार जमा झालेले दिसले असते. ९० च्या जागी ९१ घातले तर साध्या वर्षातील १ एप्रिल मागल्या वर्षात ओढला जातो. दिवसांची कोणतीही एकच संख्या येथे चालत नाही, महिनेच मोजावे लागतात. जुन्या फलकात हा दोष आहे किंवा नाही हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे: ३१ मार्च २०२४ ही एकच तारीख सूत्राला द्यावी आणि उत्तरात २०२३ येते की २०२४ हे पाहावे.

सूत्र निर्दोष असले तरी त्याला दिलेली तारीख कोणती, हा प्रश्न उरतोच. एका पावतीला पुष्कळदा तीन तारखा असतात: पैसे घेऊन पावती फाडली ती, रक्कम बँकेत जमा झाली ती, आणि संगणकावर नोंद चढवली ती. वर्षाच्या मध्यावर या तीन तारखांत आठवड्याचे अंतर असले तरी काही बिघडत नाही. मार्चच्या शेवटल्या आठवड्यात मात्र त्याच आठवड्याच्या अंतराने पैसे एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जातात. मार्च अखेर कर्मचारी दिवसभर पावत्या फाडीत गावभर फिरतो आणि संगणकावरील नोंदी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सावकाश चढतात. फलक जर नोंदीच्या तारखेवरून बेतलेला असेल तर ३१ मार्चची सबंध थैली नव्या वर्षात ओतली जाते. याची खूण अशी की, एप्रिलच्या पहिल्या चार-पाच दिवसांची वसुली दर वर्षी संशयास्पद रीतीने फुगलेली दिसते, आणि तेवढीच मार्चमध्ये वही व फलक यांत तूट पडते. पावतीची तारीख हीच खरी तारीख मानावी, असे माझे मत आहे. धनादेशाच्या बाबतीत कार्यालयाचा जो नियम कीर्दीत चालत आला असेल तोच फलकात चालवावा. ऑनलाइन भरणा घेणाऱ्या प्रणालींत आणखी एक बारीक खाच असते. त्यांपैकी काही वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवतात, आणि आपली घड्याळे तिच्या साडेपाच तास पुढे आहेत. म्हणून १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता भरलेली रक्कम तेथे ३१ मार्चच्या रात्री साडेआठची म्हणून लागते. रक्कम लहान असते, पण ताळा जुळत नाही आणि तीनशे-चारशे रुपयांसाठी माणूस दोन दिवस हैराण होतो. तारीख आधी भारतीय वेळेत आणावी, मगच तीन महिने मागे न्यावी. हा क्रम उलटवू नये.

चालू वर्षाची तुलना करतानाही अशीच सावधगिरी लागते. जूनअखेर सन २०२४-२५ चा पट्टा स्वाभाविकच ठेंगणा असणार. त्याच्या शेजारी सन २०२३-२४ चा पूर्ण पट्टा उभा केला तर सभेत आरडाओरड होते आणि ती अन्यायाची असते. तीन महिन्यांची तुलना गतवर्षाच्या त्याच तीन महिन्यांशीच करावी. शिखर मार्चमध्ये असलेल्या रकमांच्या बाबतीत तर 'वर्षाचा चौथा हिस्सा गेला, वसुलीही चौथा हिस्सा झाली पाहिजे' असा हिशेबही लागू पडत नाही. आपल्या गावातील ८० टक्क्यांच्या चांगल्या वर्षीसुद्धा पहिल्या नऊ महिन्यांत मागणीच्या ३० टक्केच रक्कम आली होती.

एवढे केल्यावर ताळा पाहावा. जुन्या व नव्या दोन्ही मांडणींत सर्व वर्षांची मिळून बेरीज एकच आली पाहिजे, कारण आपण एकही पावती वाढवली अथवा वगळली नाही, केवळ गठ्ठे बदलले. ती न आल्यास एखाद्या पावतीची तारीख कोरी राहिली आहे किंवा अक्षरांच्या रूपात टंकित झाली आहे असे समजावे. त्यानंतर प्रत्येक आर्थिक वर्षाची बेरीज त्या वर्षाच्या मागणी नोंदवहीतील वसुलीच्या रकान्याशी ताडून पाहावी. हा दुसरा ताळा कॅलेंडरच्या वर्षाला कधी लागूच शकत नव्हता, कारण जानेवारी ते डिसेंबरची बेरीज असलेली वही त्या कार्यालयात अस्तित्वातच नव्हती. आणि ज्या आकड्याला जुळवून पाहण्यासारखी वहीच नाही तो आकडा इतके दिवस भिंतीवर निर्धास्त राहिला, यात मला नवल वाटत नाही.

सर्वच आकडे एप्रिलच्या दावणीला बांधावेत असे मात्र नाही. त्याच ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूची नोंद होते आणि तिचे वार्षिक तक्ते जानेवारी ते डिसेंबरचे असतात. पावसाचे आकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचेच बोलतात. शाळेची पटसंख्या जूनपासून मोजावी लागते. ज्या आकड्यामागे अंदाजपत्रक, मागणी, अनुदान अथवा कर आहे त्याला आर्थिक वर्ष लावावे, बाकीच्यांना त्यांचे त्यांचे वर्ष राहू द्यावे, आणि एकाच फलकावर दोन प्रकारची वर्षे आली तर प्रत्येक पट्ट्याखाली आरंभीची व अखेरची तारीख लिहावी.

त्या गावच्या ग्रामसेवकांनी शेवटी तसेच केले. नव्या फलकावर सन २०२२-२३ खाली ८० आणि सन २०२३-२४ खाली ६० आले, हिरवा पट्टा जाऊन तेथे आखूड पट्टा आला, आणि त्याखाली लहान अक्षरांत '१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४' असे लिहिले गेले. सरपंचताईंनी तो पाहून पहिला प्रश्न विचारला तो जानेवारीत रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जागी बदली माणूस का नेमला गेला नाही, हा.